रंगकामाचं कोटेशन देताना या चुका टाळा: कार्पेटवर भाव, फुकटची लांबी आणि बारा फुटी छत

गेली बावीस वर्षं मुंबईत घरांच्या आतलं रंगकाम करतोय. नव्याने धंद्यात आलेली मुलं फोन करतात आणि पहिला प्रश्न हाच असतो : "दादा, वन बीएचकेचं किती सांगू?" घर कुठलं, छत किती उंच, भिंतीवर आधी काय आहे, यातलं काहीच माहीत नसतं. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर चार फोटो पाठवलेले असतात आणि संध्याकाळपर्यंत आकडा हवा असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. टेप घे, घरी जा, भिंतीला हात लाव, मग बोलू. यातल्या निम्म्यांचा पुन्हा फोन येतो तो काम अर्ध्यावर अडकल्यावर. चुका नेहमीच्याच असतात, म्हणून एकदा लिहून काढतोय.

कार्पेट एरियाला साडेतीनने गुणणं

ही चूक मी स्वतः अनेक वर्षं केली. धंद्यात सरसकट चालणारा हिशोब असा : कार्पेट एरिया गुणिले साडेतीन, म्हणजे रंगवायचं क्षेत्रफळ. मोठ्या खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो साधारण जुळतो, म्हणूनच टिकून राहिला. पण मुंबईत मोठ्या खोल्या किती जणांकडे असतात?

नऊ फूट उंचीचा २० बाय १५चा हॉल घ्या. चारी भिंतींची लांबी ७० फूट, म्हणजे भिंती ६३० चौरस फूट आणि छत ३००. एकूण ९३०, म्हणजे जमिनीच्या ३.१ पट. आता त्याच घरातलं ८ बाय ७चं स्वयंपाकघर घ्या. भिंतींची लांबी ३० फूट, भिंती २७०, छत ५६, एकूण ३२६. हे जमिनीच्या जवळजवळ सहापट झालं. ३ बाय १२चा पॅसेज तर साडेआठपट जातो. खोली जितकी लहान, तितकी तिच्या जमिनीच्या मानाने भिंत जास्त. वन रूम किचनचा भाव कार्पेटवर सांगणारा माणूस पहिल्याच दिवशी तोट्यात असतो. उंची नऊवरून बारावर गेली की भिंती आणखी एक तृतीयांशाने वाढतात आणि कार्पेट मात्र तेवढाच राहतो.

शिवाय गिऱ्हाईक जो आकडा सांगतं तो करारनाम्यावरचा असतो. जुन्या करारनाम्यात तो कधी बिल्ट-अप असतो, कधी सुपर बिल्ट-अप. २०१६च्या रेरा कायद्यानंतरच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींच्या जाडीचीही जागा धरलेली असते. त्यातला कुठलाच आकडा रंगाऱ्यासाठी काढलेला नाही.

माझी सवय सांगतो. प्रत्येक खोलीत शिरलो की आधी उंची मोजतो, आणि तीही दोन कोपऱ्यांत, कारण जुन्या घरात नंतर लाद्या बसवताना जमीन वरखाली झालेली असते. मग चारी भिंतींची लांबी घेतो. बीम खाली उतरलेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजू आणि तळ वेगळा लिहितो. लेझर मीटर माझ्याकडेही आहे, पण पडद्यावर किंवा कपाटावर किरण पडला तर तो खुशाल चुकीचं माप देतो. म्हणून कपाट असलेल्या भिंतीला टेपच लावतो.

दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही यावर कायम वाद होतो. सरकारी कामांत मोजमापासाठी जे आयएस १२०० वापरतात, त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण पाच-साडेपाच चौरस फुटांची, उघडी जागा वजा करत नाहीत. घरगुती कामात मी व्हेंटिलेटर आणि एक्झॉस्ट फॅनची भोकं वजा करत नाही. दारं-खिडक्या पूर्ण वजा करतो आणि लाकडाच्या ऑइल पेंटचा भाव वेगळा लावतो. बाकीचे काही जण दारंही भिंतीतच मोजतात. ती पद्धतही चालेल, फक्त ती कोटेशनवर लिहा, म्हणजे गिऱ्हाईक टेप घेऊन उभं राहिलं तरी तुमचा आणि त्याचा आकडा एकच येईल.

दुरुस्ती "सगळं धरून" सांगणं

२०११ साली दादरला हिंदू कॉलनीतल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं काम घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधला छोटा पॅसेज. घरातले काका म्हणाले, कार्पेट चारशे आहे. मी दारातूनच खोल्यांवर नजर फिरवली, चारशेला साडेतीनने गुणलं, १,४०० आले. त्या वेळचा माझा दर २० रुपये. २८,००० सांगितले. काकांनी विचारलं, "लांबी-बिंबी सगळं धरून ना?" मी म्हटलं, "हो काका, सगळं धरून." या दोन शब्दांनी मला खड्ड्यात घातलं.

पहिल्या दिवशी भिंती चांगल्या वाटल्या. क्रीम रंगाचं डिस्टेंपर, कुठे कुठे टवके. वरवर घासून दुसऱ्या दिवशी हॉलच्या दोन भिंतींना लांबीचा, म्हणजे भिंत सपाट करणाऱ्या पुट्टीचा, पहिला हात मारला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा जुना कारागीर आधी पोहोचला होता. मी आलो तेव्हा तो खिडकीजवळ गप्प उभा होता. भिंतीवर तळहाताएवढे फुगे आले होते. त्याने पटरीचं टोक एका फुग्याखाली घातलं आणि दोन फुटांचा पापुद्रा वळकटी होऊन त्याच्या हातात आला. त्याची कड मी उजेडात धरली. वर आमची ओली लांबी, खाली क्रीम, त्याखाली पोपटी, मग गुलाबी, आणि तळाशी निळ्या झाकेचा चुना. पन्नास-साठ वर्षांचे थर एकावर एक बसलेले होते आणि सगळे त्या चुन्याच्या भुकटीवर टेकलेले होते.

असं का होतं हे समजून घ्या. चुना आणि जुनं डिस्टेंपर भिंतीला घट्ट धरून नसतं. नवीन लांबीतलं पाणी ते थर भिजवून मऊ करतं, आणि लांबी सुकताना आकसते, म्हणजे ओढते. ओढ पडली की सगळ्यात कच्चा थर सुटतो. वरचा माल कितीही महागाचा वापरा, तो त्या कच्च्या थरासकट खाली येणार.

मग सुटलेल्या भिंतींवरचे सगळे थर पाणी मारून प्लास्टरपर्यंत खरवडावे लागले. दोन माणसं, सहा दिवस. खरवडताना बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर खिडकीखालचं प्लास्टर पोकळ निघालं, ते फोडून नवीन करावं लागलं. वर माझं मोजमाप कच्चं, त्यामुळे रंग चौदाशे फुटांचा आणला होता आणि भिंती-छत मिळून निघाले दोन हजार. मी काकांकडे गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, "अहो, तुम्हीच म्हणालात ना सगळं धरून?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ठरल्या पैशांत काम पुरं केलं. मजुरी आणि माल धरून नऊ हजार रुपये माझ्या खिशातून गेले. त्या वर्षी मुलाची शाळेची फी मी उसनी आणून भरली.

तेव्हापासून भाव सांगण्याआधी चार गोष्टी करतो, आणि गिऱ्हाइकाच्या समोरच करतो.

ओला तळहात भिंतीवर घासतो. हाताला रंग किंवा पांढरी भुकटी आली, तर खाली चुना किंवा कच्चं डिस्टेंपर आहे असं धरायचं. मग ब्लेडने फुलीचा काप घालून त्यावर चिकटपट्टी दाबून बसवतो आणि झटक्यात ओढतो. पट्टीबरोबर पापुद्रा आला की ती भिंत पूर्ण खरवडायची, तिथे वाद नाही. हे दोन्ही प्रत्येक भिंतीवर करायचं, एका भिंतीवर करून सुटका नाही, कारण एकाच खोलीत एक भिंत ऑइल पेंटची आणि बाकी डिस्टेंपरच्या असं सर्रास असतं.

तिसरं म्हणजे बोटांच्या सांध्यांनी ठोकत जायचं. घट्ट प्लास्टरचा आवाज बसका येतो, सुटलेल्याचा डब्यावर ठोकल्यासारखा. खिडकीच्या खाली, बीमच्या कडेला आणि बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर नक्की ठोका. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारतो.

चौथं ओलीचं. संशय असलेल्या जागी फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला, पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूने ओलसर असेल तर ती हवेतली दमट. पण ही चाचणी मे महिन्यात केली तर तिच्यावर विसंबू नका. मुंबईत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, आणि मेमध्ये खडखडीत कोरडी दिसणारी पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत जुलैत पाझरते. तिथे खाराची पांढरी भुरी आणि तपकिरी कडांचे डाग शोधायचे, आणि घरातल्या बाईंना विचारायचं. कुठली भिंत पावसात ओली होते हे त्यांना नेमकं माहीत असतं.

ओल कुठून येते ते बंद करणं हे रंगाऱ्याचं काम नाही. वरच्या घराची न्हाणी गळत असेल किंवा बाहेरच्या भिंतीला भेग असेल, तर कोटेशनवर सरळ लिहा की ही भिंत कारण दूर होऊन सुकल्यावरच रंगवली जाईल आणि तोवर तिची जबाबदारी नाही. "वॉटरप्रूफ लांबी मारून देतो" असं सांगून काम उरकणाऱ्यांवर माझा फार राग आहे. दोन पावसाळ्यांत ती फुगते आणि गिऱ्हाईक सगळ्याच रंगाऱ्यांना लबाड म्हणतं.

दुरुस्ती मोजायची कशी

खरवडायच्या आधी नेमका आकडा कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मी दर पक्का सांगतो आणि माप अंदाजे. कोटेशनवर लिहितो : खरवडणी व पूर्ण लांबी, अंदाजे इतके फूट, दर इतका, खरवडल्यावर दोघांसमोर मोजून बिल. माझं बोलणंही ठरलेलं आहे : "काका, दर आज ठरवू, माप भिंतीवर घेऊ." ऐकणाऱ्याला ते रास्त वाटतं, कारण ते रास्तच आहे.

दुरुस्तीचे प्रकारही वेगळे ठेवतो. टवके भरणं मूळ दरातच येतं. पूर्ण खरवडून प्रायमर आणि लांबीचे दोन हात हा दुसरा प्रकार, चौरस फुटावर. प्लास्टर फोडून नवीन करणं हा तिसरा, त्याचा दर कितीतरी जास्त, कारण त्यात सिमेंट, वाळू, डेब्रिजच्या गोणी आणि सुकण्याचे दिवस येतात. भेगा लांबीवर, म्हणजे धावत्या फुटावर मोजतो. हे सगळं एका "रिपेअरिंग" शब्दाखाली कोंबलं की भांडण ठरलेलंच. आणि खोल खड्डा लांबीने भरू नका. लांबी पातळ थरासाठी असते, जाड थापलीत तर तडकते. लवकर घरी जायची घाई असलेला नवखा हेच करतो.

खडूने घेरलेल्या प्रत्येक भागाला नंबर देतो, त्यातच लांबी-रुंदी लिहितो आणि फोटो काढतो. वेडावाकडा भाग असेल तर त्याला बाहेरून बसणारा चौकोन मोजायचा, हेही आधीच सांगायचं.

उंची दोनदा लावणं, किंवा मुळीच न लावणं

बारा फुटी छत म्हणजे क्षेत्रफळ वाढतं, ते मापात आलंच. त्यावर संपूर्ण खोलीचा दर वाढवणं म्हणजे गिऱ्हाइकावर अन्याय. सात फुटांपर्यंतची भिंत जमिनीवर उभं राहूनच होते, छत नऊवर असो की बारावर. उलट, उंचीचं काहीच न लावणं म्हणजे स्वतःवर अन्याय.

पुष्कळांना वाटतं की रोलरला दांडा लावला की उंचीचा प्रश्न मिटला. रंगाचे हात दांड्याने जातात, खरं आहे. पण खरवडणं, लांबी ओढणं आणि घासणं दांड्याने होत नाही, तिथे माणसाचं तोंड भिंतीजवळ लागतं. घोड्यावर फळी टाकायची, चार फूट काम करायचं, उतरायचं, घोडा सरकवायचा, पुन्हा चढायचं. फळीवरचा माणूस लांबी कालवायला दरवेळी खाली येऊ शकत नाही, म्हणून खाली एक माणूस लागतो. उंचीचा खर्च इथे होतो. त्यामुळे नुसते रंगाचे दोन हात असतील तर मी उंचीचा जादा दर निम्मा लावतो, आणि लांबीचं काम असेल तर पूर्ण.

माझी रेघ दहा फुटांवर आहे. दहाच्या वरचा भिंतीचा पट्टा आणि छत दहाच्या वर असेल तर पूर्ण छत, एवढ्यालाच जादा. डुप्लेक्सच्या जिन्यावरची भिंत मात्र फुटावर धरत नाही. तिथे पायऱ्यांवर घोडा सरळ उभा राहत नाही, परांची बांधावी लागते, म्हणून तिची ठोक रक्कम वेगळी. पायरीवर विटा रचून शिडी टेकवणारे मी पाहिलेत. अशा शिडीवर मी माझा माणूस चढू देत नाही, काम गेलं तरी चालेल.

तेच दादरचं घर, आज असं मोजलं असतं

हॉल १६ बाय १०, खोली १४ बाय १०, स्वयंपाकघर १० बाय ८, पॅसेज ५ बाय ४. जमीन बरोबर ४००. भिंतींची लांबी ५२, ४८, ३६ आणि १८, मिळून १५४ फूट. उंची १२, म्हणून भिंती १,८४८. छत ४००. एकूण २,२४८. दारं ३ बाय ८ची, आतल्या तीन दारांच्या दोन-दोन बाजू आणि मुख्य दाराची आतली एक, म्हणजे सात बाजू, १६८ फूट. चार खिडक्या २० फुटांच्या, ८०. वजा २४८, निव्वळ २,००० चौरस फूट. स्वयंपाकघरात भिंतीला लाद्या नव्हत्या, असत्या तर त्याही वजा झाल्या असत्या.

खालचे दर माझे आहेत, तुमच्या मजुरीप्रमाणे आणि मालाप्रमाणे बदला. मूळ दर २४ रुपये, त्यात घासणं, टवके भरणं, प्रायमर आणि रंगाचे दोन हात : ४८,०००. उंचीसाठी दहा फुटांवरचा दोन फुटी पट्टा, १५४ गुणिले २ म्हणजे ३०८, अधिक छत ४००, मिळून ७०८ फुटांना ५ रुपये जादा : ३,५४०. पूर्ण खरवडणी आणि लांबी अंदाजे ७०० फूट, १२ रुपयांनी : ८,४००. प्लास्टर ४० फूट, ९० रुपयांनी : ३,६००. भेगा ६० धावते फूट, २५ रुपयांनी : १,५००.

एकूण ६५,०४०. याच दराने "चारशे गुणिले साडेतीन, सगळं धरून" केलं असतं तर ३३,६०० आले असते, जवळजवळ निम्मेच. या फरकात उंचीचा जादा दर सगळ्यात लहान आहे हेही पाहा. मोठा भाग न मोजलेल्या ६०० फुटांचा, त्याच्यामागे दुरुस्ती. नवीन मुलं उंचीवरून घासाघीस करत बसतात आणि टेप मात्र खिशातच राहते.

बाकीच्या, थोडक्यात

शेजारच्या फ्लॅटचं माप वापरू नका. प्लॅन एकच असला तरी कुणी पीओपी केलेलं असतं, कुणी माळा काढलेला असतो.

गडद रंग किंवा गडदवर फिका रंग असेल तर तिसरा हात लागू शकतो, तो आधीच लिहा.

माल तुमचा की गिऱ्हाइकाचा, हे पहिल्या ओळीत यायला हवं. माल गिऱ्हाइकाचा असेल तर उरलेला डबा कुणाचा हा प्रश्नच राहत नाही.

सोसायटीची कामाची वेळ, लिफ्टमधून सामान न्यायला परवानगी आणि डेब्रिज टाकायची जागा वॉचमनला नाही, सेक्रेटरींना विचारा. दुपारी दोन तास आवाज बंद असेल तर खरवडणीचे दिवस वाढतात.

नव्या प्लास्टरवर लगेच रंग मारायला होकार देऊ नका. मी चार आठवडे थांबतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. गणपतीच्या आधी घर हवं म्हणून गिऱ्हाईक मागे लागतं. अशा वेळी प्लास्टर केलेला तुकडा तसाच सोडून बाकी घर पुरं करतो आणि त्या तुकड्याचे पैसे दिवाळीआधी येऊन रंगवल्यावर घेतो. त्या तारखेची नोंद कोटेशनच्या खालीच असते, दोघांच्या सहीसकट.